मालधक्का झाला आणि भोसरीचा थांबा सुटला

सखू, मी भोसरी सोडली तेव्हा आपले आबा भट्टीच्या भात्यापाशी बसून होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाड्या वळल्या, तू बी वळ." तू तेव्हा चाकणला सासरी होतीस.

रेल्वे तशी आधीपासूनच होती, पण आपल्या भागाला तिचा काही उपयोग नव्हता. चाकणचा कांदा बैलगाडीनं पुण्याला जायचा. वाटेत गाड्या भोसरीत सुटायच्या, बैलांना वैरण मिळायची आणि आबा चाकं दुरुस्त करायचे. पन्नास सालानंतर चिंचवड स्टेशनाला मालधक्का झाला. व्यापारी कांदा थेट मुंबईला धाडू लागले. गाड्या मोशीवरूनच चिंचवडकडे वळू लागल्या. दलाल पुण्याऐवजी मुंबईचा भाव विचारू लागले. परतीच्या गाड्यांत सिमेंट आणि रॉकेल येऊ लागलं. भोसरीत मात्र वैरणवाल्या बायका उठून गेल्या आणि आबांची भट्टी थंड झाली.

मी धक्क्यावर हमाल झालो. व्यापारी वाघिणीची, म्हणजे मालडब्याची, मागणी नोंदवायचा. ती कधी मिळेल हे मास्तरांनाही ठाऊक नसायचं. वाघीण धक्क्याला लागली की ठरल्या तासांत भरायची, नाहीतर व्यापाऱ्याला दंड. भरून झाली की दाराला सील, मग पावती. ती पावती टपालानं मुंबईला पोचल्याशिवाय तिकडे माल सुटत नसे. वाघीण कधीही लागेल म्हणून आमच्या टोळीला धक्का सोडायची मुभा नव्हती. रिकामे बसलो तरी अडकलेलेच.

एकदा आबांचा निरोप आला. कितीतरी महिन्यांनी चाकाला धाव बसवायचं काम आलं होतं. धाव म्हणजे लोखंडी कडं; ते तापून लाल झालं की दोघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायचं आणि लगेच पाणी ओतायचं. एकट्याचं ते काम नाही. मी मंगळवारी येतो म्हणून कळवलं.

मंगळवारी सकाळी मी निघालो आणि त्याच वेळी वाघीण लागली. कांदा चार दिवस धक्क्यावर पडून घामेजला होता. मुकादमानं एवढंच विचारलं, "जातोस? मग उद्या येऊ नकोस." घरी बायको बाळंत होती. मी पोतं पाठीवर घेतलं.

दुपारी आबांनी गाडीवानालाच दुसरा चिमटा धरायला लावला. त्याला ती सवय नव्हती. कडं कलंडलं आणि आबांचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. पुन्हा त्या हातानं लाकूड तासायचा वाकस धरवला नाही. तू विचारत राहिलीस, आबा सांगत राहिले, "माझीच चूक झाली." तसं नव्हतं, सखू. मी पोचायला हवं होतं.

त्यांना मी चिंचवडच्या खोलीत आणलं. रोज सकाळी विचारायचे, "आज जायचं का घरी?" मी म्हणायचो, "वाघीण लागायची हाय, आबा." ते मान हलवायचे. खोलीतून भोसरी चालत दोन तासांवर होती. सात वर्षांत मी त्यांना एकदाही नेलं नाही. शेवटी नेलं ते चौघांच्या खांद्यावर, तुम्ही सगळ्यांनी पाहिलंच.

आता धक्क्याचं काम सुटलंय, दिवस मोकळे आहेत. कुणी घर कुठलं विचारलं की मी भोसरी सांगतो. तिथून मात्र आता कुणी बोलावत नाही.