गिरणीच्या काट्यावरचे व्याही

गुढीपाडव्याच्या आधीचा रविवार, सकाळ. स्थळ : कर्वेनगर, भाच्याची व्यायामशाळा. हजर : भाचा, म्हणजे ट्रेनर, मी, म्हणजे त्याच्या पेजवरच्या मजकुराची बिनपगारी लेखिका, माझी मुलगी, आणि तिचे सासरे, म्हणजे माझे व्याही. काम : व्याह्यांचं वजन वर्षभर सावकाश उतरत गेलं, त्याबद्दलच्या पोस्टच्या मालिकेला त्यांची मंजुरी घेणे. पाडव्याला साठीपुढच्यांची नवी बॅच सुरू व्हायची होती आणि भाच्याची सगळी भिस्त या मालिकेवर होती.

माझ्या व्याह्यांइतका कौतुकाला वैतागणारा माणूस पुण्यात दुसरा नसेल. केळवणाला मी म्हटलं, आमटी उत्तम झाली आहे. ते म्हणाले, "काल याहून बरी होती." गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, तेव्हापासून ते जेवणात आधी उसळ आणि कोशिंबीर संपवतात, मग मोजका भात घेतात. आठवड्यातून तीनदा डंबेल उचलतात आणि प्रत्येक वेळी खाली ठेवताना त्याला "उपकार झाले" म्हणतात. पण व्यायामशाळेतल्या काट्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "फी घेणाऱ्यानेच वजन सांगायचं, हे बरं नव्हे." म्हणून वर्षभर दर रविवारी उपाशीपोटी ते पिठाच्या गिरणीत गेले. नुसतं वजन करून परत येणं फुकटेपणाचं दिसतं, म्हणून गव्हाचा डबा हातात धरूनच काट्यावर उभे राहायचे आणि घरी येऊन डब्याचं वजन वजा करायचे. गिरणीवाला दर वेळी विचारायचा, "काका, यातलं नेमकं काय दळायचंय?"

मजकूर त्यांनी मास्तरांसारखा तपासला. 'प्रेरणादायी प्रवास' खोडून म्हणाले, "मी कात्रजलासुद्धा गेलेलो नाही." 'जिद्द' खोडून 'सवय' लिहिलं. भाच्याच्या अटी वेगळ्याच. पहिली ओळ छोटी हवी, कारण 'आणखी वाचा'च्या आधी तेवढीच दिसते. तुमचंही इतकंच उतरेल असं वचन द्यायचं नाही. जाड्या माणसाची चेष्टा नाही. आणि काकांचा होकार मिळाल्याशिवाय एकही पोस्ट जाणार नाही.

दिवाळीच्या पोस्टवर गाडी अडली. एरवी महिन्याला किलोभर उतरणारं वजन तेव्हा एकदम दीड किलो चढलं होतं आणि महिनाभर जुन्या आकड्याखाली येत नव्हतं. फराळातल्या मिठामुळे अंगात धरलेलं पाणी आठवड्याभरात जातं, हे भाच्याला माहीत होतं. शिवाय टेप लावली तर कंबर कमीच होत होती. तो चक्रावला होता. मी मात्र ठोकून दिलं होतं : 'काटा थांबला, ते थांबले नाहीत.'

मुलगी म्हणाली, "बाबा, दिवाळीपासून मी तुम्हाला मोठा डबा देतेय ना?"

व्याही आजवर धाकट्या डब्याचंच वजन वजा करत आले होते.

"म्हणजे काका, दीड किलो आणखी उतरलंय! चांगली बातमी आहे!"

"चांगली असली तरी चूक आहे. आधी शुद्धिपत्र काढा."

शुद्धिपत्राची पोस्ट मी तिथल्या तिथे लिहिली. त्या एकाच मजकुरात त्यांनी काही खोडलं नाही.

मग फोटो. तीच भिंत, तोच उजेड, तोच सदरा. पण सगळ्या जगात पहिला फोटो पडेल असतो आणि शेवटचा हसरा, यांचं उलटं. पहिल्यात पोट सुटलेलं आणि गडगडाटी हसू, शेवटच्यात पोट सपाट आणि चेहरा थकबाकी मागायला आल्यासारखा.

"काका, हे बघून लोक वजन वाढवायला येतील. एकदा हसा ना!"

"विनोद सांगा."

भाच्याने सांगितला. व्याह्यांनी तो दुरुस्त करून दिला.

"पहिला फोटो हिने काढला होता," ते एकदम म्हणाले. त्यांच्या बायकोनेच, म्हणजे माझ्या विहीणबाईंनीच, त्यांना पहिल्या दिवशी इथे ओढून आणलं होतं. मोबाइलमागून त्या म्हणाल्या होत्या, "पोट आत घ्या, भिंत दिसत नाहीये." श्रावणात त्या अचानक गेल्या. त्या महिन्यात यांचं वजन भराभर उतरलं, तेव्हा भाचा रोज संध्याकाळी डबा घेऊन त्यांच्यासमोर जेवायला बसायचा.

"श्रावण गाळा," व्याही म्हणाले. "ती प्रगती नव्हे."

"गाळलाच आहे, काका."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि विहीणबाई, पहिल्या फोटोखाली 'आधी' आणि शेवटच्याखाली 'नंतर' लिहू नका. नंतरचा माणूस मला फारसा आवडत नाही. बाकी सगळं मंजूर. पहिल्याखाली काय लिहिताय ते दाखवा, मग टाका."

पाडवा उद्यावर आला आहे. भाच्याचे तीन फोन येऊन गेले. यादीत सगळ्या पोस्टपुढे बरोबरची खूण आहे. पहिला फोटो समोर उघडा ठेवला आहे. त्यात ते अजून हसताहेत. खालची ओळ लिहायची राहिली आहे.