ओट्यावरचा भात

देवासच्या घरी मायक्रोवेव्ह आला त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. पोट बिघडून सलाइनवर राहिलेली माझी बायको नुकतीच घरी आली होती आणि भूक लागली म्हणत होती. सकाळचा उरलेला भात संध्याकाळपर्यंत कुकरातच ओट्यावर होता. मी तो वाटीत काढला.

"बाबा, तो नको. दिवसभर बाहेर होता," सून म्हणाली.

"मायक्रोवेव्हमध्ये दहा मिनिटं फुलवर ठेवतो. सगळे जंतू मरतील."

"जंतू भातात विष सोडतात, ते तापवून जात नाही. आईंना परत भरती करायचंय का?"

मी चौथी शिकलो, पण फॅक्टरीत भट्टी सांभाळली आहे. उष्णता मला शिकवू नको म्हणालो. मी वाटी सोडेना आणि ती माझं मनगट सोडेना.

"तुमचं होईस्तोवर मी उपाशीच का?" बायको पलंगावरून म्हणाली.

सुनेने सकाळीच थोडा भात ताटात पसरून, निवताच फ्रिजमध्ये ठेवला होता. तो वाटीभर काढून तिने पाणी शिंपडलं, झाकण सैल ठेवलं, फुल पॉवरवर दोन मिनिटं लावला, ढवळून आणखी एक मिनिट. मी मधोमध बोट घातलं तर चटका बसला.

"एकदाच तापवायचा. उरला तर फेकायचा," ती म्हणाली.

माझा मी कुकरातलाच खाणार होतो. पण बायको घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली, खाईना. मग तो भात मी कचऱ्यात टाकला. सुनेचं ऐकून नाही, बायको जेवावी म्हणून.