बारा वाजताची अंत्ययात्रा

आमच्या वस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात मयतीची बातमी देण्याचा हक्क मंडळाच्या अध्यक्षांचा. शेजारचे मास्तर गेले त्या सकाळी त्यांनी तो बजावला. सहा ओळी समाजाच्या हानीच्या, दोन ओळी स्वतःच्या पदांच्या, आणि शेवटी: ‘अंत्ययात्रा दुपारी बारा वाजता.’ घर कोणतं, घाट कोणता, पत्ताच नाही!

मास्तरांची मुलगी फोन घेऊन माझ्याकडे धावली. “काका, बारा कोनं ठरवले? भाऊ पुण्याहून तीनले पोचते. आम्ही चार म्हटलं होतं.”

इतक्यात कुहीहून तिच्या आत्याचा, मास्तरांच्या एकुलत्या बहिणीचा फोन. “बारालेच नेऊन राहिले म्हणे. माही बस अकराची. आता येऊन का करू वं? भावाचं तोंड तं दिसनार नाही.” रडत तिने फोन ठेवला, आणि मग तो लागेना.

मी तत्काळ गटात ‘चार वाजता’ लिहिलं. दोन मिनिटांत ते जोडलेल्या हातांच्या ढिगाखाली गाडलं गेलं. मूळ संदेश काढायचा तर अ‍ॅडमिन एकटे अध्यक्षच. त्यांच्या घरी निघालो. चपला कोणाच्या घातल्या तेही पाहिलं नाही.

अध्यक्ष इस्त्रीच्या सदऱ्यात तयार. “दोनले कळमेश्वरात लग्न आहे गा. बाराले उरकलं का सारे मोकळे.”

“घरच्यांले विचारलं काहून नाही?” माझा आवाज चौकापर्यंत गेला असेल. गेलाच पाहिजे होता.

“लिहून टाकलं. आता बदलवलं तर लोकं गोंधळतील.”

“मयत तुमच्या लग्नाच्या पंगतीवर चालते का?”

दारोदार माणसं डोकावली, तेव्हा कुठे त्यांनी संदेश सर्वांसाठी काढला. मी सांगत गेलो, ते टंकत गेले: मास्तरांचं पूर्ण नाव, वय, राहतं घर, बुद्धविहारामागची गल्ली, अंत्ययात्रा दुपारी चार वाजता घरून, घाटाचं नाव, चौकशीला पुतण्याचा नंबर, बारा वाजताची सूचना चुकीची होती. शेवटच्या वाक्यावर ते अडले. मी हललो नाही. मग हाही संदेश हातांच्या ढिगाखाली जाऊ नये म्हणून त्यांनी गट फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असा केला.

पण संदेश पुढे गेला त्या दुसऱ्या गटांतले बारा कोण पुसणार? तिथे माणसानंच फोन करायचा असतो. फोन करायच्या माणसांची यादी मी अध्यक्षांच्या हातात ठेवली. कुहीला मुलीनं आत्याच्या शेजारणीला फोनवर गाठलं.

आत्या साडेतीनला आली. भावाच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. मग अध्यक्षांकडे वळून म्हणाली, “भाऊ, बारा तुमीच लिवले का? माह्या भावाच्या घरात कोनी जित्तं नव्हतं का इचाराले?”

अध्यक्ष लग्नाला गेले नाहीत. खांदा द्यायला पुढे आले, तेव्हा मुलीनं त्यांना सर्वांत मागे उभं केलं.