नळ मी बंद केला

बायकोचा उजवा हात माझ्यामुळे गेला. आधी हे लिहून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला वाटायला नको की म्हातारा फिरवून फिरवून सांगतोय.

मी चौथी शिकलो. बुधवार पेठेत पुस्तकांच्या दुकानांमागच्या एका बोळात माझी भज्यांची गाडी होती. तीस वर्षं कढईपुढे उभा राहिलो. अंगावर तेल उडणं हे मला डास चावण्यासारखं होतं. उडालं की हळद आणि खोबरेल कालवायचं, चोपडायचं आणि पुढचा घाणा सोडायचा. पाणी मात्र लावायचं नाही, पाणी लावलं की फोड येतात, हे माझ्या बापानं मला सांगितलेलं. त्याला कुणी सांगितलं मला माहीत नाही. माझ्या हातावरचे ते सगळे बारीक ठिपके आपोआपच बरे झाले असणार, पण मी श्रेय हळदीला दिलं आणि अक्कल माझ्याकडे ठेवली.

गुडघे गेल्यावर गाडी बंद केली आणि वाघोलीला मुलानं घेतलेल्या फ्लॅटमध्ये आलो. मुलगा हिंजवडीत कामाला, तिकडंच राहतो. इथं आम्ही दोघंच. बायको दिवाळीच्या आधी आसपासच्या बिल्डिंगींतल्या लोकांना चकल्या करून द्यायची. मी तळायला बसायचो, ती पाडायची.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला शेवटचा घाणा निघाला. आमची शेगडी दोन बर्नरची, पण एक बर्नर कितीतरी दिवस नीट पेटत नव्हता. मला चहाची तलफ आलेली. कढई उतरवायला मी पक्कड घेतली.

ती म्हणाली, "अहो, गार होऊ द्या ना तेल. कुठं गाडी चुकतीय तुमची?"

मी म्हणालो, "तेल गार होईपर्यंत मी गार होईन."

असलं बोलायची मला सवयच. तीही हसली. मी कढई उचलली, पक्कड एका बाजूनं सुटली आणि कढई ओट्यावर कलंडली. ती ओट्याजवळ चकल्या डब्यात भरत होती. उजव्या हाताच्या पाठीवर, अंगठ्याच्या बेचक्यात आणि मनगटापर्यंत तेल गेलं.

ती ओरडली नाही. दात आवळून दोन पावलांत सिंकपाशी गेली, डाव्या हातानं नळ सोडला आणि हात खाली धरला. कुणी शिकवलं नव्हतं तिला. भाजलं, जळतंय, पाण्यात घाला, एवढं सरळ डोकं तिचं.

मी धावलो आणि नळ बंद केला.

"पाणी लावू नकोस, फोड येतील!"

"अहो, बरं वाटतंय हो. राहू द्या ना जरा."

"तुला काय कळतंय? तीस वर्षं कढईपुढे कोण उभं होतं?"

"तुम्हीच," ती म्हणाली, आणि हात माझ्यापुढं केला.

मिनिटभरसुद्धा पाणी लागलं नसेल. मी हात पंचानं टिपला. टिपला म्हणजे चोळलाच, आता कशाला सोवळेपणा. वर हळद-खोबरेलाचा जाड थर दिला. हातात हिरव्या बांगड्या होत्या. शेजारच्या बाई आवाज ऐकून आल्या, हातात टूथपेस्टची नळी.

"काका, ही लावा. लगेच गार पडतं."

"दात नाही भाजलेत तिचे," मी म्हणालो.

त्या बिचाऱ्या चांगल्या मनानं आल्या होत्या. पण जाताना एक शहाणपणाचं बोलल्या, "निदान बांगड्या तरी काढून ठेवा, हात सुजेल." बायकोनं मान हलवली. सणाच्या तोंडावर रिकामा हात तिला नको होता. मीही म्हणालो, राहू देत. तिथंही शहाणपण मलाच.

तासाभरानं मी विचारलं, "आग होतीय का?"

"कडेनं होतीय. मधे काहीच कळत नाही."

मी म्हणालो, "बघ! हळद कशी काम करते."

हे वाक्य मी बोललो होतो. माझ्याच तोंडानं. मधे कळत नव्हतं कारण तिथली कातडी आतपर्यंत शिजून मेली होती. दुखणं कळवायलाही काही शिल्लक राहिलं नव्हतं. हे मला रात्री आठला कळलं. त्याआधीचे तास मी पेपर वाचला, जेवलो. तिला डाव्या हातानं आमटीभात कालवून खाता येईना, म्हणून मी चमचा दिला आणि वर म्हणालो, "साहेबीण झालीस."

चारच्या सुमाराला हात एवढा सुजला की बांगड्या मांसात रुतल्या. बोटं टरटरली. तेव्हा मुलाला फोन केला. तो आधी माझ्यावर ओरडला, "बाबा, सकाळी का नाही केलात फोन?" आणि मग निघाला. हिंजवडीहून वाघोलीला संध्याकाळी यायचं म्हणजे काय, ते पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. तो येऊन आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा पावणेआठ झाले होते. मधल्या वेळात मी रिक्षानं नेऊ शकलो असतो. नेलं नाही. मला वाटत होतं, सूज आहे, उतरेल.

तिथल्या सिस्टरनं आधी बांगड्या फोडल्या. मधे कापडाची घडी घालून, एकेक. भाजताना न रडलेली माझी बायको तेव्हा रडली. मग हळद काढायला सुरुवात झाली. ती तेलात कालवून वाळलेली, सुटता सुटेना. सुटली तरी कातडीवर पिवळा रंग राहिला, आणि डॉक्टरांना नक्की किती खोल भाजलंय तेच दिसेना.

डॉक्टर वयानं माझ्या मुलाएवढे. शांतपणे विचारत होते.

"पाण्याखाली किती वेळ धरला होता हात?"

बायकोच म्हणाली, "धरला होता थोडा वेळ." मला वाचवत होती ती. त्या अवस्थेत.

मी म्हणालो, "खोटं आहे. मी नळ बंद केला."

डॉक्टर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण माझ्या सगळ्या आयुष्यात कामाची अशी एवढीच गोष्ट मला ठाऊक आहे. कढईतलं तेल उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेलं असतं आणि कातडीला चिकटून राहतं. तेल पुसलं तरी आतली उष्णता मांस शिजवत राहते. ती काढायला वाहतं साधं पाणी, नळाचं, पूर्ण वीस मिनिटं. पाच नाही, दहा नाही. बर्फ नको, त्यानं आधीच भाजलेल्या कातडीचं आणखी नुकसान होतं. पाणी चालू असतानाच बांगड्या, अंगठी, घड्याळ काढायचं, सूज यायच्या आत. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढायचं नाही. हळद, तूप, टूथपेस्ट, बटाटा, शाई, काही लावायचं नाही. त्यानं उष्णता आत कोंडते, घाण जाते आणि डॉक्टरला जखम दिसत नाही. वीस मिनिटांनंतर स्वच्छ फडकं किंवा स्वयंपाकघरातला डबे झाकायचा पातळ प्लास्टिकचा कागद वरून हलकेच ठेवायचा, आवळून गुंडाळायचा नाही. फोड फोडायचे नाहीत. आणि हात, तोंड, सांधा भाजला असेल, किंवा तळहातापेक्षा मोठं भाजलं असेल, तर लगेच दवाखाना.

मी विचारलं, "आता धरला तर पाण्याखाली?"

"तीन तासांच्या आत आला असतात तर आम्हीच धरला असता, आजोबा. आता उपयोग नाही."

मांडीची कातडी काढून हातावर लावली. जखम भरली, पण कातडी आखडली. बोटं ताठ मागं ओढली गेली, बेचकं मिटून गेलं. अंगठा बोटांना टेकेना. दवाखान्यात व्यायाम दिला होता. ती रोज कणकेचा गोळा घेऊन बसायची आणि दाबायची. गोळ्यावर बोटांचा ठसासुद्धा उमटायचा नाही. मी समोर बसलेलो असायचो. एकदा ती म्हणाली, "अहो, तुम्ही आत जा बरं. तुम्ही बघत बसलात की मला तुमचंच वाईट वाटतं आणि माझा व्यायाम राहतो."

अशी सहा वर्षं. घरात ती चमच्यानं जेवायची. चारचौघांत डाव्या हातानं घास उचलायला तिला लाज वाटे, म्हणून तिनं लग्नांना जाणं सोडलं. भाचीच्या लग्नाला तेवढी गेली आणि उपाशी परत आली. हळदीकुंकवाला कुणी बोलावलं तर पाठ दुखतेय म्हणायची. चिमटीत कुंकू धरता येत नाही आणि डाव्या हातानं कुणाला लावायचं, हे कुणी तिला बोललं नव्हतं. तिचं तिनंच ठरवलं. घराबाहेर जाणं संपलं. वेणी मी घालायचो. वाकडी व्हायची. ती म्हणायची, "भज्यासारखी झालीय," आणि तशीच दिवसभर ठेवायची.

मला तिनं एकदाही बोल लावला नाही. लोक म्हणतात केवढं मोठं मन. मी म्हणतो, बोलली असती तर मला कुठंतरी उभं राहायला जागा मिळाली असती. दोन वर्षांपूर्वी ती गेली, मूत्रपिंडाच्या आजारानं. हाताचा त्याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मुलगाही तेच म्हणतो. मी मान डोलावतो.

गेल्या साली एकटाच पापड तळत होतो. झारा हातातून सटकून कढईत पडला आणि तेल माझ्या डाव्या हातावर आलं, मनगटाच्या वर, चांगलं चार बोटं रुंद. मी गॅस बंद केला, घड्याळ काढलं, नळ सोडला आणि हात धरला. समोर भिंतीवर घड्याळ होतं. वीस मिनिटं फार असतात. सात मिनिटांनी वाटलं, झालं की. बाराव्या मिनिटाला पाय दुखायला लागले, तेव्हा स्टूल ओढून बसलो. पंधराव्या मिनिटाला खालून कुणीतरी ओरडलं, नळ चालू राहिलाय कुणाचा, टँकरचं पाणी आहे. मी हललो नाही. वीस झाली, धुतलेलं फडकं टाकलं आणि रिक्षा करून दवाखान्यात गेलो.

तिथं एक तरुण डॉक्टरीण होत्या. म्हणाल्या, "आजोबा, अगदी बरोबर केलंत. एवढं कुणी करत नाही. पंधरा दिवसांत बरं होईल."

झालंही. डागसुद्धा राहिला नाही. त्या जागेवरून मी बोट फिरवतो तेव्हा कळतही नाही कुठं भाजलं होतं.

म्हाताऱ्याचा डावा हात. तो कशाला वाचला, ते सांगणारं घरात कुणी नाही. वाईट एवढंच वाटतं की कौशल्य काही नव्हतं त्यात. औषध नव्हतं, हुशारी नव्हती. चकल्या तळून झाल्या होत्या, त्या सकाळी आम्हाला कुठं जायचं नव्हतं. तिनं नळ सोडलाच होता. मला फक्त तिच्या शेजारी गप्प उभं राहायचं होतं.