शिक्का मारून बसलेलं पुस्तक

हे आत्ताच सांगते, उद्यावर ठेवलं तर निम्मं विसरेन. आजच दौंडहून एसटीनं आलेय, अजून चप्पलसुद्धा काढली नाही.

मी शिरूरच्या एका कॉलेजात लायब्ररी असिस्टंट आहे. वर्ष पण नाही झालं. जूनमध्ये दौंडच्या एका रिटायर सरांनी दोन खोकी पुस्तकं दान दिली. सरांनी आयुष्यभर वनस्पतीशास्त्र शिकवलेलं. मला इतका आनंद झाला की त्याच दिवशी बसून सगळ्यांवर कॉलेजचा शिक्का मारला, दाखल रजिस्टरला नंबर टाकले. आमच्या ग्रंथपाल मॅडम तेव्हा रजेवर होत्या.

आल्यावर म्हणाल्या, "अगं, आधी निवडायची असतात, मग शिक्का. नंबर पडला की ती कॉलेजची मालमत्ता. आता काढायची म्हटली तरी रीतसर रद्दच करावी लागतील."

मी म्हटलं, काढायची कशाला? चांगली तर आहेत.

चार दिवसांनी सरांचा फोन. आवाज एकदम बारीक. "बाळ, त्यात भाजीपाल्याचं एक जुनं पुस्तक चुकून आलंय. हिरवं कव्हर. आमच्या हिनं त्यात पेन्सिलीनं लिहिलंय. ती गेली दोन वर्षांपूर्वी. परत मिळेल का?"

मी बघते म्हटलं न् कपाटातून काढलं. पानापानावर बाईंनी पुस्तकाशी भांडण काढलेलं. टोमॅटोच्या पानाशेजारी, "हे लिहिणाऱ्यानं आमचं रान बघितलेलं न्हाई." एका ठिकाणी नुसतं, "खोटं."

परत द्यावं तर माझाच शिक्का. आमचे शिपाई मामा म्हणाले, "गुपचूप देऊन टाक की. कोण बघतंय?" मॅडमनी ऐकलं. "मामा, स्टॉक तपासणीत नंबर सापडला नाही तर हिच्या पगारातून कापतील."

तेवढ्यात नशिबानं कॉलेजचं पुस्तक धोरण लिहायचं काम निघालं. कोणती पुस्तकं घ्यायची, पैसे कुणाला किती, जुनी कधी काढायची, दान कसं घ्यायचं, सगळं कागदावर. टायपिंग माझं फास्ट, म्हणून मसुदा माझ्याकडे. निवडीला अभ्यासक्रम, ताजी आवृत्ती, मुलांची मागणी, आधीच्या प्रती किती हे सगळं बघायचं. आणि हेच निकष दानाच्या पुस्तकांनाही लावायचे. हे टाइप करताना मला माझीच लाज वाटत होती.

मग काढून टाकायचा भाग आला. फाटलेली, आवृत्ती जुनी झालेली, पाच वर्षांत कुणी न नेलेली. मॅडमनी तिथं पेन फिरवलं. "नुसतं इश्यू रजिस्टर बघू नको. दौंडकडची मुलं पुस्तक घरी नेत नाहीत, इथंच वाचून एसटी पकडतात." खरंच की. मग दुर्मिळ आणि आपल्या भागावरची पुस्तकं काढायची नाहीत, हेही घातलं. काढायच्या यादीला समितीची मान्यता, रजिस्टरमध्ये लाल शाईनं नोंद, आणि शेवटी रद्दीवाला.

रद्दीवाला. मी तिथंच थांबले. आणि एक ओळ वाढवली: दानातलं पुस्तक रद्द झालं तर आधी दात्याला विचारावं.

ग्रंथालय समितीच्या बैठकीत पहिला अर्धा तास कॉमर्सचे सर बोलत होते. त्यांची मुलं जास्त, म्हणून पैशातला वाटा जास्त पाहिजे. मॅडम म्हणाल्या, "सर, मुलांच्या संख्येवर वाटा आहेच. पण सायन्सची पुस्तकं महाग, आणि नवीन कोर्सला कपाट रिकामंच असतं. तेही धरलंय. थोडा भाग संदर्भग्रंथ आणि अवांतर वाचनाला बाजूला."

"म्हणजे कादंबऱ्या वाचून मुलं सीए होणार."

"सीए झाल्यावर वाचतील, सर." प्राचार्यसुद्धा हसले.

मग माझी ओळ आली. कॉमर्सचे सर म्हणाले, "दिलेलं परत? मग उद्या प्रत्येकजण मागंल." मला बोलायचा अधिकार नव्हता, तरी बोलले. पुस्तक पुढं केलं, टोमॅटोचं पान उघडून. सरांनी वाचलं, पुढचं पान उलटलं, तेही वाचलं. मग म्हणाले, "आवृत्ती लय जुनी हाय. आन् पेन्सिलीनं खराब केलंय. काढायच्या निकषात बसतंय की."

धोरण वरच्या समितीकडून मंजूर होऊन यायला दोन महिने गेले. तोवर मला रोज वाटायचं, दौंडचे सर विचारतील. त्यांनी एकदाही फोन केला नाही, ते जास्त टोचायचं.

आज दिलं. शिक्क्यावर रद्दचा दुसरा शिक्का, मला वाईट वाटत होतं. सरांनी त्यावर बोट फिरवलं न् म्हणाले, "हिच्या पुस्तकाला दोन शिक्के. माझ्या एकाला पण दोन न्हाईत." मग कितीतरी वेळ टोमॅटोचं पान वाचत बसले. मी चहा तसाच ठेवून उठले, त्यांना कळलंही नाही.

तुमच्या हातून कधी असं घाईघाईत कुणाचं काही अडकून बसलंय का? आणि ते सोडवायला काय काय करावं लागलं?