खोदकामबाईंची सराव तोंडी परीक्षा

वैद्यकीय कॉलेजातल्या आनुवंशिकीच्या मॅडमना विद्यार्थी खोदकामबाई म्हणत. उत्तर बरोबर आलं तरी त्या खणतच राहायच्या. अठरा वर्षं हेच चाललं होतं. लग्न केलं नाही, मूल नाही, कारण कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "सवड कुठे होती?"

त्या दुपारी सराव तोंडी परीक्षेला शेवटची मुलगी आली. चिठ्ठीत निघाला हंटिंग्टन रोग, मेंदू हळूहळू निकामी करणारा.

"वडिलांना आहे. मुलाला होण्याची शक्यता?"

"निम्मी, मॅडम. दोनपैकी एक जनुक बिघडलेलं, आणि तेवढं एकच पुरतं."

"थोरल्या भावाला झाला. मग धाकटी सुटली?"

"नाही. प्रत्येकाची नाणेफेक वेगळी. तिचीही निम्मीच."

"ती चव्वेचाळीस वर्षांची आहे. ठणठणीत."

मुलगी अडखळली. "मग निम्म्याहून थोडी कमी. पण सुटली असं नाही म्हणता येणार."

मॅडमचे वडील याच रोगाने गेले होते, नंतर भाऊही. हे कॉलेजात कुणाला ठाऊक नव्हतं. दर वर्षी हाच प्रश्न आला की त्या ताठ बसून विचारायच्या, जणू दुसऱ्याच कुणाचं घर.

"सुरुवात कशी ओळखशील?"

"बोटं, पायाचे अंगठे उगाच हलतात. चुळबुळ वाटते. चिडचिड वाढते." मुलगी बोलता बोलता टेबलाकडे बघायला लागली. "आणि पुष्कळदा पेशंटला स्वतःला ते कळतच नाही."

"मग कळतं कुणाला?"

मुलीची नजर टेबलावरून हलेना.

"उत्तर दे."

"समोर बसलेल्याला, मॅडम."

मॅडमनी खाली पाहिलं. डाव्या हाताची बोटं लाकडावर आपली आपण उठत होती, बसत होती, अदृश्य पेटी वाजवल्यासारखी. त्यांना काही जाणवत नव्हतं. हात आपला नसून कुणीतरी तिथे विसरून गेल्यासारखा वाटला.

"कधीपासून?"

मुलीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "पहिल्या सत्रापासून. आम्हाला वाटलं, सवय असेल."

"पंचवीसपैकी तेवीस," मॅडम म्हणाल्या. "दोन कापले, अडखळलीस म्हणून. जा, जेवून घे."

मुलगी गेल्यावर त्यांनी दाराला कडी घातली आणि मेंदूविकाराच्या डॉक्टरांना फोन केला. इतक्या वर्षांत तपासणीला येणाऱ्या पेशंटना त्या सांगत आल्या होत्या की आधी समुपदेशन, मग रक्त, घाई नाही. आता तेच त्यांना ऐकवलं गेलं, आणि त्यांनी शहाण्या पोरीसारखं ऐकलं.

दीड महिन्याने रिपोर्ट आला. रोग होता.

त्यांनी विभागप्रमुखांना सगळं सांगितलं, पेशंटना सुई टोचण्याची कामं सोडली, शिकवणं ठेवलं. पुढच्या सत्रात पहिल्याच तासाला वर्गापुढे उभं राहून त्यांनी वडिलांपासून सुरू होणारा वंशवृक्ष फळ्यावर काढला. चौकोन वडिलांचा, चौकोन भावाचा, दोन्ही खडूने भरलेले, म्हणजे रोग झालेले. मग स्वतःचा एक गोल काढला आणि खडू आडवा धरून तो सावकाश भरत गेल्या. वर्गात कुणी वहीसुद्धा उघडली नाही.

"विचारा आता," त्या म्हणाल्या. "खणा."