डावीकडून पहिली

आमच्या शाळेत सगळे विषय इंग्रजीतून, त्यामुळे डावं-उजवं मला मराठीत उशिरा कळलं. ते शिकवलं राहात्याहून आलेल्या मैत्रिणीनं. "जेवतेस तो उजवा," एवढंच ती म्हणायची आणि माझा हात वर धरायची. नववीत ती तापानं गेली. तिच्याइतकं न चिडता शिकवणारं मला पुढे कुणी भेटलं नाही.

शाळा सोडून काही वर्षांनी सगळ्यांनी जमायचं ठरलं, तेव्हा जुन्या वर्गफोटोंच्या स्लाइड दाखवताना बोलायचं काम मी घेतलं. अंधारात कुणी आपल्याला बघत नाही, हे त्यामागचं कारण. त्या मैत्रिणीच्या आईलाही बोलावलं होतं. त्यांच्याकडे लेकीचा एकच फोटो, नववीचा वर्गफोटो, त्यातला चेहरा तुरीच्या दाण्याएवढा. "एकदा मोठी बघायचीय तिला," त्या दारातच म्हणाल्या.

स्लाइड प्रोजेक्टरमध्ये उलटी, डोकं खाली करून घालावी लागते, तेव्हा पडद्यावर माणसं सरळ उभी राहतात. यंत्र चालवणाऱ्या वर्गमित्रानं कुठली बाजू कशी घालायची ते कळावं म्हणून प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यावर लाल ठिपका दिला होता. नववीची स्लाइड मात्र धुऊन त्याच दुपारी आली, तिच्यावर ठिपका द्यायचा राहिला.

मी पडद्याकडे पाठ करून, बॅटरीच्या उजेडात कागद वाचत होते. आठवीपर्यंत लोक छान हसले. मग नववी आली.

"डावीकडून पहिली. हिच्याइतकी लाजाळू मुलगी आमच्या वर्गात नव्हती."

हशा पिकला. मला वाटलं, पुढच्या वाक्याला थांबतील.

"ती आज आपल्यात नाही."

"मी हाय की," मिरजगावचा आमचा वर्गमित्र अंधारातून म्हणाला. मी वळून पाहिलं. डावीकडे तोच होता, तेल चोपडलेला, कान बाहेर आलेले.

"हिला अजून डावं-उजवं कळत न्हाई," मागून कुणीतरी म्हणालं.

तिच्या आई पडद्यावर लेकीला शोधत होत्या.

"तिचं बरोबर आहे," पहिल्या रांगेतून मराठीच्या बाई म्हणाल्या. "फोटोत माझा पदर बघा. मी उजव्या खांद्यावर कधी घेतला होता? स्लाइडची बाजू उलटी पडलीय रे."

पडदा पांढरा झाला. यंत्रावरच्यानं स्लाइड काढून फिरवली, परत आत सरकवली. डावीकडे ती आली, दोन वेण्या, मान किंचित खाली.

मी कागद मिटला. "हिनं मला उजवा हात शिकवला," म्हणाले. "जेवतेस तो."

आई उठून पडद्याजवळ गेल्या. "व्हय, असंच म्हनायची," त्या म्हणाल्या. मिरजगावकरानं मुकाट्यानं त्यांच्यासाठी खुर्ची पुढे नेली.

दिव्याच्या उष्णतेनं स्लाइड फुगते आणि चित्र पुसट होतं, म्हणून ती फार वेळ ठेवायची नसते. पण यंत्रावरच्यानं ती बदलली नाही. चेहरा पुसट झाला की तो भिंग जरासं फिरवून पुन्हा स्पष्ट करी. आई बसून बघत होत्या, आणि पुढचं वर्ष दाखव असं कुणीही म्हणालं नाही.